अरबी अर्जातली नवऱ्याची आई

परदेशातल्या नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, "इंग्रजी सीव्ही आहेच, पण या हॉस्पिटलला सोबत अरबीत कव्हरिंग लेटर लागतं," आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, मी डायलिसिसची नर्स आहे. अरबी मला कुठून येणार? सासर निपाणीकडचं असून मला धड कन्नड येत नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीवर भागतं, पण हे सौदीतल्या एका लहान शहरातलं खासगी हॉस्पिटल आहे. अर्ज आधी ऑफिसातले लोक अरबीत वाचतात, त्यांना पटला तर नर्सिंगच्या प्रमुखांकडं जातो. "आणि मोबाईलवरनं भाषांतर करून पाठवू नका हं. सगळ्यांची पत्रं एकसारखी येतात, ते लोक कंटाळलेत." मी नेमकं तेच करणार होते. बाई फोनमधून मन वाचत होती की काय कोण जाणे.

चिडायला कारण होतं. त्या जाहिरातीत वयाची अट होती आणि माझं अटीत बसणारं ते शेवटचं वर्ष. सौदीची नर्सिंगची परीक्षा मी पास झाले होते, ड्युटी करून, डोळ्यांवर पाणी मारून अभ्यास केला होता. आता पत्रापायी अडकले तर आहे त्या युनिटमध्येच म्हातारी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि युनिटची गंमत सांगते. मधे दीड वर्ष माझी नोकरी सुटली होती. परत आले तेव्हा हॉस्पिटलनं मला घेतलं खरं, पण अगदी खालून सुरुवात करायला लावली. ज्या पोरीला फिश्चुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर जोडून केलेल्या शिरेत, सुई घालायला मी हात धरून शिकवलं, तीच आता माझी इन्चार्ज. पोरगी चांगली आहे, मला ‘ताई’ म्हणते. पण ड्युटीच्या तक्त्यात ‘ताई’ला रविवार तीच लावते.

नवरा फौंड्रीत सुपरवायझर. त्याला विचारलं, तर म्हणाला, "जा की." त्याला काहीही विचारा, "जा की", "कर की", "घे की". या माणसाबरोबर भांडायचं म्हटलं तरी एकटीलाच भांडावं लागतं.

मला आठवलं, सदर बाजारात एक रिटायर्ड मास्तर राहतात. त्यांच्या बहिणीचं डायलिसिस आमच्याकडं व्हायचं, तेव्हाची ओळख. शाळेत उर्दू आणि अरबी शिकवायचे, आणि त्याच्याही आधी, तरुणपणी, जेद्दात एका हॉस्पिटलच्या ऑफिसात कारकून होते. फोन केला तर म्हणाले, "ये की बेटा. मराठीत कच्चं लिहून आण. बघू तुझं काय काय म्हणणं हाय." मी पर्स उचलली, तोवर आत्ती दारात चप्पल घालून उभी.

सासूला आम्ही आत्ती म्हणतो. गावात किराणा दुकान एकटीनं चालवलेली बाई, आवाज असा की पलीकडच्या आळीतलं गिऱ्हाईक दचकून वाटाणे घेऊन जायचं. "मी बी येतो," आत्ती म्हणाली. (आमच्याकडं बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.) "तुम्ही कशाला?" मी म्हटलं. "परक्या भाषेत काय लिवत्यात, काय न्हाय. बघाय नको व्हय कुणी?" जसं काही ही बाई अरबी तपासणार होती.

मास्तरांनी आम्हाला बसवलं, भडंग आणि चहा आला. माझा मराठी कागद त्यांनी नाकावर चष्मा घेऊन वाचला आणि खिशातनं लाल पेन काढलं. मी लिहिलं होतं: ‘मा. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की, मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड असून माझ्या घरची परिस्थिती बेताची आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन मला सेवेची संधी मिळावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक.’ चौथीपासून आजवर मी सगळे अर्ज असेच लिहिलेत आणि कुणी काही बोललेलं नाही.

"सहानुभूती कशाला?" मास्तर म्हणाले. "आजारी तू हाईस का ते?"

"तसं लिहायची पद्धत असते मास्तर."

"आणि आज्ञाधारक? कुणाची आज्ञाधारक?"

"माझी तर न्हाय," आत्ती भडंग चावत म्हणाली.

मास्तर हसून हसून लाल झाले. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवावासा वाटला, पण चहा चांगला होता. मग त्यांनी समजावलं. अरबी माणूस बोलायला लागला की खुशाली विचारण्यात अर्धा तास घालवील, पण नोकरीचं पत्र म्हटलं की नेमकं लागतं. वर कुणाला पाठवतोय ते, मग विषय, मग एक ओळ नमस्काराची, शेवटी एक ओळ आदराची. मधल्या जागेत फक्त काम. त्यांनी नमस्काराची ओळ लिहून वाचून दाखवली: "‘तहिय्या तय्यिबा, व बअद.’ म्हणजे चांगला नमस्कार, आणि त्यानंतर."

"आणि त्यानंतर काय?" आत्तीनं विचारलं.

"त्यानंतर डायरेक्ट काम."

"बास? तब्येतपाणी इचारायचं न्हाय, पोरंबाळं इचारायची न्हाईत? आणि वर ‘श्री’ कुठाय?"

"आक्का," मास्तर म्हणाले, "आमच्यातबी कागदाच्या डोक्यावर बिस्मिल्ला लिहायची पद्धत हाय. तुमचं श्री घातलं तर माझंबी घालाय पाहिजे. मग दोघांच्या मधी ही पोरगी कुठं बसवू?" आत्तीनं भडंगाची वाटी पुढं ओढली.

मग मास्तरांनी मला उलटं-सुलटं विचारायला सुरुवात केली. आवड बिवड सोड, काम काय करतीस ते सांग. मी सांगायला लागले. एका पाळीत माझ्याकडं साधारण चार पेशंट. आल्यावर वजन करायचं, मशीन लावायच्या आधी बीपी, ताप, फिश्चुलाचा हात बघायचा, सुया घालायच्या. चार तास मशीन चालतं, तेवढ्यात दर अर्ध्या तासाला बीपी, कारण अंगातलं पाणी निघायला लागलं की बीपी धाडकन खाली येतं, पायात गोळे येतात. कावीळवाल्या पेशंटचं मशीन वेगळं. संपल्यावर परत वजन. बोलता बोलता मी ताठ बसले होते, हे मला मास्तरांनी मान डोलावली तेव्हा कळलं. "हे लिहायचं," ते म्हणाले. "हे सोडून तू घरची परिस्थिती लिहीत बसलीस." त्यांनी विषयाची ओळ लिहिली आणि सांगितलं, अरबीत डायलिसिसला ‘ग़सील अल्-कुला’ म्हणतात, म्हणजे मूत्रपिंडं धुणं.

"धुणंभांडी करायला एवढ्या लांब जायाचं म्हणा की," आत्ती म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. तिनं भडंगाची वाटी माझ्याकडं सरकवली.

सगळं छान चाललं होतं. मग मास्तरांचं लाल पेन एका ओळीवर थांबलं. "हे काय? ‘मधील दीड वर्षे घरगुती कारणास्तव सेवेत खंड.’"

आता हे जरा सांगावं लागेल. ‘घरगुती कारणास्तव’ हे आपल्याकडचं सगळ्यात सोयीचं औषध. लग्नाला जायचं, घरगुती कारणास्तव. सत्यनारायण आहे, घरगुती कारणास्तव. नवऱ्याशी भांडून माहेरी बसलीय, घरगुती कारणास्तव. साहेब कधी ‘कसलं घरगुती?’ विचारत नाही आणि आपण कधी सांगत नाही. माझ्या त्या वेळच्या राजीनाम्यातही तेच दोन शब्द होते.

खरं कारण माझ्या शेजारी बसून भडंग खात होतं. आत्तीच्या अंगावरून वारं गेलं होतं. अर्धांगवायू. उजवी बाजू पूर्ण गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं कळेना. दवाखान्यातनं घरी आणली आणि दीड वर्ष मी तिचं सगळं केलं. पण आत्तीनं घरात बजावून ठेवलं होतं, अगदी पहिले शब्द फुटले तेव्हाच, की बाहेर कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, गुडघा धरलाय. गावचे पावणे बघायला यायचे तेव्हा मी आधी तिला उशा लावून बसवायची, वाकडी बाजू भिंतीकडं करायची, मग दार उघडायची. पुढं ती हिंडायला लागली, जीभ तर पहिल्यापेक्षा जोरात चालायला लागली, पण गुडघ्याची गोष्ट तशीच राहिली. आणि त्या दीड वर्षाबद्दल माझ्याशी ती कधी अवाक्षर बोलली नाही. मी आभारांची वाट बघत नव्हते असं म्हणणं खोटं होईल. मी वाट बघत होते.

"लिहिता येतं अरबीत," मास्तर म्हणाले. "‘ज़ुरूफ आइलिय्या.’ कौटुंबिक परिस्थिती. ते लोकबी लिहितात. पण मी त्या ऑफिसात बसलेला माणूस हाय बेटा. असा कागद आला की आमचे साहेब म्हणायचे, ही मधेच सोडून जाणारी, ठेव बाजूला. नर्स दीड वर्षं घरात का बसली, ते एका ओळीत साफ लिहायचं. बाळंतपण? स्वतःचं दुखणं? काय होतं?"

आत्ती वाटीतले शेंगदाणे निवडायला लागली. आयुष्यात तिनं कधी शेंगदाणे निवडून खाल्ले नव्हते.

मग तीच म्हणाली, "लिवा की, तवाबी दवाखान्यातच कामाला हुती म्हणून. एवढ्या लांबनं कोण बघाय येतंय?"

"येतात आत्ती," मी म्हटलं. "प्रत्येक दवाखान्याला ते स्वतः पत्र पाठवून विचारतात, ही बाई तुमच्याकडं होती का. खोटं सापडलं तर हे हॉस्पिटलच नाही, पुढची सगळी दारं बंद."

"मग मास्तरच काय तरी जुळवतील की."

"मी कारकून होतो आक्का, जादूगार न्हवतो," मास्तर म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

मला एकदम सगळ्याचा संताप आला. मास्तरांचा, एजन्सीच्या बाईचा, त्या उशांचा, शेंगदाण्यांचा. मी कागद ओढून घेतला. "राहू द्या मास्तर. घरगुतीच लिहा. नाही घेतलं तर नाही घेतलं. रविवारची ड्युटी आहेच माझ्या नशिबात." आणि उठून उभी राहिले.

"खाली बस," आत्ती म्हणाली.

मी बसले नाही.

"बस म्हंतो न्हवं!" मास्तरांच्या घरातली मांजर उठून आत गेली. मी बसले.

आत्तीनं वाटी खाली ठेवली, पदरानं हात पुसला आणि मास्तरांकडं बघत, माझ्याकडं मुळीच न बघता, दुकानात माल सांगावा तशी सांगायला लागली. "मास्तर, लिवा. मला वारं गेलतं. गुडघा न्हाय, काय न्हाय. उजवी बाजू पार गेलती. दीड वरीस हातरुणात. ह्या पोरीनं चालती नोकरी सोडली आणि माझं हागणं-मुतणं काढलं. रातच्याला गजर लावून उठायची, दर दोन तासाला माझी कूस बदलायची. पाठीला एक फोड आला न्हाय माझ्या, एक! चमच्यानं गिळाय शिकवलं. भिताडाला धरून चालाय शिकवलं. आणि मी तिला तवाबी शिव्याच दिल्या. जीभ वळंना तरी दिल्या. हे बी लिवा."

"शिव्यांचं राहू द्या आक्का," मास्तर हळूच म्हणाले. "अर्जात बसायचं न्हाय."

"बसवा की कुठंतरी. खरं हाय ते."

मी काय करत होते? मी मास्तरांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, कारण दुसरीकडं कुठं बघितलं असतं तर मला रडू फुटलं असतं. आणि रडण्याइतकाच रागही होता. दीड वर्ष आणि त्यानंतरची सगळी वर्षं, एकाच घरात, एकाच चुलीवर, या बाईला तोंड होतं. तेव्हा नाही बोलली. बोलली ती कुणाच्या तरी बैठकीत, एका मास्तराला, सौदीतल्या साहेबासाठी. वर ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचाही राग आला.

मास्तरांनी ओळ लिहायला बराच वेळ घेतला. तारखा घातल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला: या काळात माझ्या पतीच्या आईला पक्षाघात झाल्यामुळं मी त्यांच्या शुश्रूषेसाठी पूर्ण वेळ दिला, त्या चालू-बोलू लागल्यावर मी माझ्या कामावर परत रुजू झाले. एवढंच. ‘पूर्ण वेळ दिला’साठी त्यांनी जो शब्द घातला होता तो ‘तफर्रग़्तु’. ते म्हणाले, "याचा अर्थ नुसता वेळ दिला असा न्हाय. बाकी सगळी कामं बाजूला सारून एकाच कामाला वाहून घेणं. हा तिथं रोजच्या कागदातला शब्द हाय, भारी बिरी न्हाय. पण बरोबर बसतो."

"त्यात मी कुठं हाय?" आत्तीनं विचारलं.

"हे काय. ‘वालिदत झौजी.’ माझ्या नवऱ्याची आई."

आत्तीनं कागद हातात घेतला, उलटा धरला, मास्तरांनी सरळ करून दिला. त्या उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, चुकीच्या जागी. मास्तरांनी ते बोट उचलून बरोबर जागी ठेवलं. मग तिनं विचारलं, "फक्त नवऱ्याची आई? नाव न्हाय?" "नावाची गरज न्हाय आक्का." "बरं हाय," ती म्हणाली. "न्हायतर पावण्यांत चर्चा."

शेवटी आदराची ओळ आली, खाली सोबतच्या कागदांची यादी, आणि सगळं मिळून पान भरायलाही थोडं कमीच पडलं. मला ते फारच लहान वाटलं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरवर टाईप करून दिलं, मी सही केली आणि एजन्सीला पाठवलं.

काही दिवसांनी व्हिडिओवर मुलाखत झाली. तिकडं नर्सिंगच्या प्रमुख बाई होत्या, इंग्रजी छान बोलत होत्या. मशीनबद्दल विचारतील म्हणून मी पाठ करून बसले होते. त्यांनी दोन प्रश्न मशीनचे विचारले आणि मग ती ओळच धरली. पेशंट किती दिवस अंथरुणात होता, गिळता येत होतं का, पाठीची काळजी कशी घेतली, कुणाची मदत होती का. मी सांगत गेले. मदत नव्हती, म्हटलं, नवरा फौंड्रीत. त्यांनी विचारलं, आता त्या कशा आहेत? मी काही बोलायच्या आत आत्ती, जिला मी पलीकडच्या खोलीत गप्प बसायची शपथ घातली होती, कॅमेऱ्यापुढनं डाव्या दारातनं उजव्या दाराकडं चालत गेली. मान वर करून, काहीही गरज नसताना. प्रमुख बाई हसल्या. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

मग निवडीचं पत्र आलं. नवरा म्हणाला, "जा की." आणि मी, जिनं एवढा आटापिटा केला होता, ती चार दिवस उत्तरच पाठवेना. मोबाईल उघडायचा, बघायचं, बंद करायचा. आत्ती आंघोळीला गेली की मी दाराशी घुटमळायची, पाय घसरला तर? परत वारं गेलं तर? हा ‘जा की’वाला माणूस रात्री गजर लावून उठणार होता काय? मी मनात ठरवत आले होते की कळवून टाकू, घरगुती कारणास्तव जमत नाही. मॅडम काही विचारणार नाहीत. ते दोन शब्द लिहिले की कुणीच काही विचारत नाही.

आत्ती भाकऱ्या थापत होती. उजव्या हातानं थापते, जरा वाकडी होते भाकरी, पण कुणी बोललेलं खपत नाही. मोबाईल माझ्या हातात बघून म्हणाली, "पाठवलंस?"

"बघते."

"काय बघतीस? चार दिस बघाय लागलीयास." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माझ्यापायी थांबलीस न्हवं?"

मी पिठाचा डबा झाकला.

"एकदा माझ्यापायी नोकरी सोडलीस," ती म्हणाली. "ते लिवून झालंय, मास्तरानं लिवलंय, मोठ्या दवाखान्यानं वाचलंय. दुसऱ्यांदा माझं नाव लावून घरात बसायचं न्हाय. बसलीस तर मीच जातो मास्तराकडं आणि त्या बाईला तुझी तक्रार लिवून धाडतो. अरबीत."

मी हसले, आणि हसता हसताच ‘होकार’ पाठवून टाकला. "गेलं," मी म्हटलं.

"गेलं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं भाकरी उलटली, गॅस बंद केला, आणि तिथंच ओट्याला धरून रडायला लागली. मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. हळू तिला काही येतच नाही. पलीकडच्या काकू धावत आल्या, काय झालं काय झालं करत. आत्तीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांना सांगितलं, "काय न्हाय व्हायनी. मला वारं गेलतं न्हवं मागं, तवा हिनं उठवलं मला. ती आता निघाली."